फोटोतला सत्तर अंशांचा कोन

मी बुऱ्हाणपुरातल्या एका खासगी शाळेच्या ऑफिसात काम करते. दाखले लिहायचे, हजेरीची रजिस्टरं सांभाळायची, टी.सी. मागायला आलेल्या पालकांना बाकावर बसवून ठेवायचं, एवढंच माझं काम. वर्गात मी कधी शिकवलेलं नाही. पण सासरच्या माणसांनी गृहीत धरलेलं आहे की मी शाळेत जाते म्हणजे मला शाळेतलं सगळं येतं. सुरुवातीला मी हे खोडून काढायचे. नंतर तेही सोडून दिलं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायलाही लागलं.

माझी नणंद तुकईथडला दिलेली आहे. वयाने आम्ही बरोबरीच्याच, पण नवऱ्याची बहीण म्हणून मी त्यांना ताई म्हणते आणि त्या मला वहिनी. त्यांच्याकडे केळी आणि कपाशी आहे. आठवीत असताना त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे गावातल्या अंगणवाडीत त्या मदतनीस म्हणून लागल्या. पोरांना गोळा करून आणायचं, खिचडी वाढायची, सतरंज्या झाडायच्या. हे करता करता बारा-तेरा वर्षं गेली, आणि मग एक दिवस त्यांनी घरात जाहीर केलं की मी बाहेरून दहावीला बसणार आहे. पुढे कार्यकर्ती, म्हणजे अंगणवाडीची मुख्य बाई, व्हायचं तर सुरुवात तिथूनच करायला लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दर रविवारी त्या बसने बुऱ्हाणपूरला यायच्या. शनवारा भागाच्या पुढे एका जुन्या इमारतीत बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचे वर्ग भरत. तिथे एक सर गणित शिकवायचे.

गेल्या थंडीतली गोष्ट. सोमवार होता, दुपारची वेळ. मी ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते, तेवढ्यात ताईंचा फोटो आला. सरांनी वाटलेला कागद होता. वर हिंदीत लिहिलेलं, कोन एबीसी सत्तर अंशांचा आहे, त्याचा समद्विभाजक खींचिए आणि रचना के पद, म्हणजे पायऱ्या, लिखिए. खाली आकृती पूर्ण काढलेली. पायऱ्यांच्या जागी मात्र नुसत्या रिकाम्या ओळी. फोटोखाली ताईंचा निरोप होता. सरांनी आकृती दिली आहे, ती कशी काढली ते आपण लिहायचं, रविवारी दाखवायचं, आणि मला त्यातलं काही समजत नाही.

मलाही समजलं नाही. पण मी लिहिलं, "बघते, संध्याकाळी सांगते."

आकृतीत एक कोन होता. टोकाला बी, एका बाजूवर ए, दुसऱ्या बाजूवर सी. दोन्ही बाजूंना कापत जाणारी एक वाकडी रेघ होती आणि ती जिथे कापत होती तिथे डी आणि ई. थोडं पुढे दोन छोट्या वाकड्या रेघांची फुली, तिचं नाव एफ. आणि बीपासून निघून त्या फुलीतून आरपार गेलेली सरळ रेघ. रावेरकडे माझं शिक्षण मराठीतून झालं. हे आपण कधीतरी काढलेलं आहे एवढं मला आठवत होतं. याला कोनदुभाजक म्हणतात, हेही आठवलं. पण आधी काय आणि मग काय, ते काही केल्या आठवेना. पूर्ण झालेली आकृती समोर असली की सगळ्या रेघा एकदमच काढल्यासारख्या दिसतात.

शाळेत हरवलेल्या वस्तूंचं एक खोकं माझ्या टेबलाखाली असतं. त्यात पाण्याच्या बाटल्या, एकेक मोजा आणि दोन-तीन कंपासपेट्या कायम असतात. त्यातली एक मी घरी आणली.

संध्याकाळी फोनवर मी ताईंना सांगायला सुरुवात केली. "बीवर कंपासचं टोक ठेवा आणि एक कंस काढा."

त्यांनी विचारलं, "वहिनी, कंस म्हणजे ते ब्रॅकेट का?"

त्यांच्या पुस्तकात कंसाला चाप म्हणत होते. कंपासला परकार, कोनमापकाला चांदा. मी चाप म्हणायला लागले तर मला माझ्या लहानपणीचे केसांचे चाप आठवायचे आणि पुढचा शब्द विसरायचा. मी मराठीत एक वाक्य बोलायची, त्या त्याचं हिंदी करून मला परत विचारायच्या, आणि तेवढ्यात आम्ही दोघी कुठे होतो तेच कळेनासं व्हायचं. शेवटी मी म्हटलं, वाकडी रेघ. तेव्हा जरा गाडी पुढे सरकली. मी अंदाजाने सांगितलं की आधी बीवरून वाकडी रेघ, मग डीवरून एक आणि ईवरून एक, त्या जिथे एकमेकींना कापतात तिथे एफ, आणि मग बीपासून एफपर्यंत सरळ रेघ.

"पण डीवरून काढताना परकार किती उघडायचा?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आधी जेवढा होता तेवढाच ठेवा.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आपण सांगितलं ते बरोबर आहे का हे एकदा तपासून बघावं. कोनाचे दोन सारखे भाग झाले असले पाहिजेत, एवढं तर नक्की. मी फोटो मोठा केला आणि मोबाइलच्या काचेवर कोनमापक ठेवला. बोट लागलं की फोटो सरकायचा, पुन्हा जुळवायचा. चार-पाच वेळा असं झाल्यावर एकदाचा तो स्थिर राहिला. एका बाजूला त्रेचाळीस अंश दिसले. दुसऱ्या बाजूला छत्तीस. मी पुन्हा मोजलं. तेच. दोन्ही मिळून एकोणऐंशी होत होते आणि वर तर सत्तर लिहिलेलं होतं.

आता इथे मी थांबायला हवं होतं. आमच्या शाळेत गणिताच्या मॅडम आहेत, स्टाफरूम माझ्या ऑफिसला लागूनच आहे. सकाळी त्यांना विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मी विचारलं नाही. दाखले लिहिणाऱ्या बाईने शिकवणाऱ्या बाईंना असलं सातवी-आठवीतलं काही विचारायचं म्हणजे मला अवघड वाटलं. आणि दुसरं म्हणजे, आकड्यांवर माझा विश्वास बसला होता. मी स्वतः मोजलं होतं, दोनदा.

मी ताईंना फोन केला आणि सांगितलं की सरांची आकृतीच चुकलेली आहे.

"सरांची?" त्या म्हणाल्या.

"मोजून बघितलं ना मी. सत्तरचा कोन नाहीच तो. आणि मधली रेघ मधे नाही."

त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलं, मी उगीच डोकं फोडत होते. त्यांचा आवाज इतका मोकळा झाला की मला बरं वाटलं. ही गोष्ट मला आजही नीट सांगता येत नाही. मला काही येत नव्हतं, पण दुसऱ्याची चूक सापडली म्हटल्यावर एकदम आपल्याला सगळं येतंय असं वाटायला लागलं होतं.

रविवारी त्या वर्गाला आल्या. एरवी वर्ग सुटला की आमच्याकडे येऊन चहा घेऊन जायच्या. त्या दिवशी आल्या नाहीत. मी फोन केला तर लागला नाही. संध्याकाळी त्यांचा एका ओळीचा निरोप आला, बस मिळाली म्हणून परस्पर गेले. मंगळवारी मी विचारलं की सरांना दाखवलं का. त्यांनी निरोप वाचला, उत्तर दिलं नाही. माझ्या नवऱ्याला मी विचारलं, ताईंचं काही बिनसलं आहे का. तो म्हणाला, कापूस वेचायला माणसं लावली असतील, वेळ नसेल. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण वेळ नसलेलं माणूस आणि बोलायचं नसलेलं माणूस यांतला फरक फोनवरही कळतो, आणि मला तो कळत होता. का ते मात्र कळत नव्हतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी मोबाइल घेऊन स्टाफरूममध्ये गेले. गणिताच्या मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना सांगितलं की नातेवाइकांच्या अभ्यासाचं आहे, या आकृतीत चूक आहे ना, एवढं फक्त बघून सांगा.

त्यांनी फोटो पाहिला. म्हणाल्या, आकृती ठीक दिसते.

मी म्हटलं, मी मोजली आहे.

"कागदावर मोजली का फोटोवर?"

मी म्हटलं फोटोवर. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी अजून त्यांचे आभार मानते. त्यांनी फोटो लहान केला, पूर्ण पान दिसेल एवढा, आणि मला पानाच्या कडा बघायला सांगितल्या. खालची कड रुंद होती आणि वरची अरुंद. डावी कड सरळ होती तर उजवी आत झुकलेली. पान चौकोनी होतं, पण फोटोत ते चौकोनी नव्हतं. मोबाइल तिरका धरून, बाजूला बसून काढलेला फोटो होता तो. पानाचे कोपरेच फोटोत काटकोनात राहिले नाहीत तर आकृतीचा कोन कुठून राहणार, असं त्या म्हणाल्या. फोटोवरून रेघांचा क्रम समजून घ्यावा, कोण कुणाला कुठे कापतं ते बघावं, पण मापं घेऊ नयेत.

मी दहा दिवसांत तो फोटो पन्नास वेळा पाहिला होता. पानाच्या कडा एकदाही पाहिल्या नव्हत्या.

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर मला पायऱ्या करून दाखवल्या. बीवर टोक ठेवून कुठल्याही त्रिज्येचा कंस, दोन्ही बाजूंना कापणारा. डी आणि ई मिळाले. आता डीवर टोक ठेवून कोनाच्या आतल्या बाजूला एक कंस. त्रिज्या डी-ईच्या अर्ध्यापेक्षा जास्त पाहिजे, नाहीतर कंस भेटणार नाहीत. मग कंपास न हलवता, तेवढ्याच त्रिज्येने, ईवरून दुसरा. फुली पडली तो एफ. बी आणि एफ जोडा.

मी विचारलं, म्हणजे डीवरची त्रिज्या पहिल्याएवढीच लागते ना. त्या म्हणाल्या, ठेवली तरी चालते, बदलली तरी चालते. डीची आणि ईची मात्र एकमेकींएवढी पाहिजे. हे ऐकून माझा आणखी गोंधळ झाला. कुठलीही चालते आणि तेवढीच पाहिजे, ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात एकत्र बसेनात. घंटा झाली आणि त्या वर्गावर गेल्या.

शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. मी खकनारकडून जाणारी बस पकडून तुकईथडला गेले. बरोबर ती कंपासपेटी आणि मॅडमनी काढलेला कागद. ताई घरी नव्हत्या. त्यांचे यजमान म्हणाले, अंगणवाडीत असेल. अंगणवाडी म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पोरं गेली होती. ताई भांडी पालथी घालत होत्या. मला बघून त्यांनी हात पुसले आणि बसायला सतरंजी टाकली, पण काय वहिनी, कशा काय आलात, असं काही विचारलं नाही.

मी सरळच सांगितलं की आकृती बरोबर होती, चूक माझी होती. फोटो तिरका होता आणि मी त्यावर चांदा ठेवला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सरांनी कागदावर ठेवायला लावला. पस्तीस आणि पस्तीस."

मग हळूहळू सगळं कळलं. वर्गात पंचवीसेक जण होते. ताईंनी हात वर करून सरांना सांगितलं की तुमची आकृती चूक आहे. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी हात वर केला होता. सरांनी त्यांना पुढे बोलावलं, चांदा त्यांच्याच हातात दिला आणि सगळ्यांसमोर मोजायला लावलं. मग विचारलं की तुम्हाला कुणी सांगितलं चूक आहे म्हणून.

मला पुढचं ऐकवत नव्हतं. मी म्हटलं, माझं नाव सांगितलंत ना.

"नाही. मी म्हटलं, मीच मोजलं."

मी म्हटलं, का. त्या म्हणाल्या, तुमचं नाव सांगून काय फरक पडणार होता, उभी तर मीच होते. रागाने नाही म्हणाल्या. पण रागाने म्हणाल्या असत्या तर मला कळलं तरी असतं की काय उत्तर द्यायचं.

मी कंपासपेटी उघडली. म्हटलं, चला, करून बघू. त्यांनी स्वतःचा परकार काढला. तो त्यांनी कुणाकडून तरी मागून आणलेला, जुना होता. वहीवर त्यांनी चांद्याने सत्तर अंशांचा कोन आखला. बीवरून वाकडी रेघ काढली, परकार चार सेंटीमीटर उघडून. डी, ई झाले. मग त्यांनी परकार बराच मिटवला आणि डीवरून, ईवरून अगदी छोट्या रेघा काढल्या. त्या भेटल्याच नाहीत. मधे मोकळी जागा राहिली.

मी विचारलं, मिटवला कशाला. त्यांनी फोटो दाखवला. फोटोत डी आणि ईवरून काढलेल्या रेघांचे फक्त छोटे तुकडे होते, फुलीपुरते. त्यांना वाटलं होतं की छोटी रेघ म्हणजे परकारही छोटा उघडायचा. हे ऐकल्यावर मला पटलं की फोटो बघून असं वाटणं साहजिकच आहे. रेघ कितीही छोटी काढली तरी टोकापासून पेन्सिलीपर्यंतचं अंतर मोठं असू शकतं, हे फोटोत दिसतच नाही. टोक कुठे ठेवलं होतं त्याची खूण म्हणजे कागदावर फक्त एक भोक असतं.

दुसऱ्यांदा त्यांनी परकार पुन्हा चार सेंटीमीटर उघडला. फुली पडली. बी-एफ जोडलं. मी चांदा ठेवला, या वेळी कागदावर, सपाट, नीट. एका बाजूला एकतीस आले आणि दुसऱ्या बाजूला एकोणचाळीस.

मी मॅडमचा कागद काढला, प्रत्येक पायरी पुन्हा वाचली. सगळं तसंच केलं होतं. फोटो नाही, तिरकं काही नाही, तरी भाग सारखे नाहीत. माझ्या मनात आलं की आता मॅडमचंच काही चुकलं असेल. आणि मग माझीच मला भीती वाटली, कारण हे वाक्य मी मागच्या आठवड्यात सरांबद्दल बोलले होते, इतक्याच खात्रीने.

ताईंनी वहीचं पान फाडलं. कोनाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर येतील असं ते उजेडासमोर धरून त्यांनी घडी घातली आणि उलगडलं. घडीची रेघ बीपासूनच निघाली होती, पण त्यांनी काढलेल्या रेघेवरून न जाता तिच्या शेजारून गेली.

"मधे ही आहे," त्या घडीवर बोट ठेवून म्हणाल्या. "म्हणजे मधे असतं तर खरं. आपलीच रेघ सरकली."

त्या उठल्या, कोपऱ्यातून पोत्याची सुतळी आणि खडू घेऊन आल्या. खोलीतली फरशी ओल्या फडक्याने पुसून सुकू दिली. मग दाराच्या अडसराची लांब पट्टी टेकवून खडूने एक मोठा कोन काढला, मनाला येईल तसा. सुतळीच्या एका टोकाला खडू बांधला, दुसऱ्या टोकाला गाठ मारली. गाठ त्यांनी बीवर पायाच्या अंगठ्याने दाबून धरली आणि सुतळी ताणून खडू फिरवला. डी आणि ई झाले. मग गाठ डीवर माझ्या अंगठ्याखाली दिली, त्यांनी रेघ मारली. मग ईवर. फुली पडली. पट्टी टेकवून बीपासून रेघ ओढली. मी गुडघ्यावर बसून चांदा ठेवला. बत्तीस आणि बत्तीस.

"सुतळी लांब-आखूड होत नाही," ताई म्हणाल्या, आणि तशाच खाली बसून त्यांनी आपला परकार उचलला. कागदावर टोक रोवून एक पूर्ण गोल काढला. गोल सुरू झाला त्या जागेवर येऊन मिळालाच नाही, बाहेरून निघून गेला. परकाराचा स्क्रू सैल होता. डीवरून रेघ काढून ईवर जाईपर्यंत तो आपोआप अर्धा सेंटीमीटर उघडत होता, आणि आम्हाला वाटत होतं की आपण त्याला हात लावलेला नाही.

तेव्हा मला मॅडमचं वाक्य कळलं, कुठलीही चालते आणि तेवढीच पाहिजे. पण खरं तर ते ताईंनी मला समजावलं. फरशीवर बसून त्या बोटाने दाखवत होत्या. बीपासून डी आणि ई सारखे लांब आहेत, कारण एकाच सुतळीने काढले. एफपासूनही डी आणि ई सारखे लांब आहेत, कारण तेही एकाच सुतळीने. बी-एफ तर दोघांच्या मधे एकच. म्हणजे इकडचा त्रिकोण आणि तिकडचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी सारखे.

"मग ही रेघ कुणाकडे झुकणार? झुकायला कारणच नाही ना काही."

मी मान हलवली. पुढे त्यांनी हिंदीत पायऱ्या लिहायला घेतल्या आणि मी बाजूला बसून बघत राहिले. डीई के आधे से अधिक त्रिज्या लेकर, असं त्यांनी लिहिलं तेव्हा मला पुन्हा क्षणभर वाटलं की हे कोनाचं अर्ध आहे की अंतराचं. मी विचारलं नाही. नंतर बसमध्ये बसल्यावर एकटीने विचार केला तेव्हा लक्षात आलं, अंतराचं.

परीक्षेच्या वेळी ताई आमच्याकडे राहायला आल्या. गणिताच्या पेपराच्या दिवशी परत आल्या तेव्हा चेहरा असा होता की मी आधी पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं. दुभाजकाचा प्रश्न आला होता, पण कोन एकशेतीस अंशांचा. एवढा फाकलेला कोन त्यांनी कधी घेतलाच नव्हता. आधी जेवढा परकार उघडला होता तेवढाच ठेवून त्यांनी डी आणि ईवरून रेघा काढल्या, तर फुली बाहेर पडण्याऐवजी आत पडली, बी आणि पहिल्या वाकड्या रेघेच्या मधे. फोटोत ती बाहेर होती, फरशीवरही बाहेर होती. त्यांना वाटलं, संपलं.

"मग?"

"मग परकार आणखी उघडला, स्क्रू घट्ट आवळला. पुन्हा डीवरून, पुन्हा ईवरून. या वेळी बाहेर पडली. आणि पट्टी ठेवली तर बी आणि त्या दोन्ही फुल्या एका रेषेत."

म्हणून त्यांनी पहिली फुली खोडलीच नाही. दोन्ही ठेवल्या आणि रेघ ओढली. चांद्याने पासष्ट आणि पासष्ट आले. आता त्यांना प्रश्न पडला होता की दोन फुल्या बघून तपासणारे मार्क कापतील का. मी म्हटलं, बरोबर असेल तर कापणार नाहीत. माझ्या म्हणण्याला किती अर्थ होता ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्या जरा पडल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून तो एकशेतीसचा कोन काढून बघितला. चार सेंटीमीटरने फुली खरंच आत पडत होती. सहाने बाहेर. दोन्हींतून एकच रेघ. मी आठ सेंटीमीटरने तिसरी काढली, तीही त्याच रेघेवर. असं का होतं ते मला त्रिकोणांवरून लावता आलं असतं बहुतेक, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

निकाल लागला तेव्हा ताईंचा फोन आला. गणितात पास झाल्या होत्या. हिंदी, मराठी, सामाजिक विज्ञान, सगळ्यात पास. विज्ञान राहिलं होतं, ते पुन्हा द्यायला लागणार होतं. मी म्हटलं, काही हरकत नाही, एकच विषय आहे, होईल. त्याही तसंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, खकनारला एक बाई भेटल्या आहेत, विज्ञानाची शिकवणी घेतात, त्यांच्याकडे जाईन आता.

"या वेळी तुम्हाला त्रास नाही देणार, वहिनी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, त्रास कसला. त्या हसल्या, मी हसले, आणि मग केळीच्या घडांचं आणि भाच्याच्या साखरपुड्याचं बोलणं निघालं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ते वाक्य मनात फिरवत बसले. माझी काळजी म्हणून बोलल्या की मला सांभाळून बाजूला केलं, ते मला ठरवता आलं नाही. आजही नाही.